पाश्चरीकृत म्हणजे शिजलेले नव्हे

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा म्हापशाहून फोंड्याला आमच्याकडे काही दिवस राहायला आला, तेव्हा पहिल्याच सकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर सहा अंड्यांची टरफले आणि एका वाटीत काढून ठेवलेले सहा बलक दिसले. बलक माझ्या पत्नीने कॅरॅमल पुडिंगसाठी उचलून ठेवले, पण सहाही पांढरे तोवर दूध, केळे आणि पीनट बटर यांच्यासह शेकरमध्ये जाऊन त्याच्या पोटात पोचले होते. हा क्रम सात महिने रोज चालू होता. उशीवर सापडणारे केस दाखवून त्याने मला विचारले, ‘‘मामा, कच्च्या पांढऱ्यानं बायोटिन कमी होतं आणि केस जातात, असं एक जण म्हणतो, ट्रेनर म्हणतो तसलं काही होत नाही. खरं काय?’’ जीवरसायनशास्त्र शिकवण्यात माझे उभे आयुष्य गेले असले तरी या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येईना, कारण त्या दोघांच्याही म्हणण्यात थोडे थोडे खरे होते. पण त्या संभाषणातून माझे एक मत पक्के झाले आणि ते मांडण्यासाठी हा लेख लिहीत आहे. कच्चे पांढरे विकणाऱ्याने, ते जिमच्या काउंटरवर शेकमधून विकले जावोत की खोक्यात भरून, ग्राहकाला ते शिजलेले नाहीत आणि त्यातला बायोटिन बांधणारा घटक जिवंत आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. ‘पाश्चरीकृत’ हा शब्द ते काम करत नाही.

त्या घटकाचे नाव ॲव्हिडिन. अंड्याच्या पांढऱ्यातल्या प्रथिनांत त्याचा वाटा जेमतेम ०.०५ टक्के आहे, पण बायोटिन हे जीवनसत्त्व पकडून ठेवण्याची त्याची ताकद विलक्षण आहे. ॲव्हिडिनचा एक रेणू चार सारख्या भागांचा असतो आणि प्रत्येक भागात बायोटिनचा एक रेणू घट्ट बसेल अशी खाच असते. एकदा बसलेला बायोटिन सहसा सुटत नाही. रासायनिक बंध न जुळता केवळ घट्ट बसण्याने झालेल्या पकडींपैकी निसर्गातली ही सर्वांत बळकट पकडींपैकी एक मानली जाते. आपल्या जठरातले आम्ल आणि आतड्यातले पाचक रस ती सोडवू शकत नाहीत. त्यामुळे ही जोडी आतड्यातून तशीच पुढे सरकते आणि शौचावाटे बाहेर पडते. कोंबडीच्या दृष्टीने ही व्यवस्था शहाणपणाची आहे, कारण पांढऱ्यात शिरलेल्या जिवाणूंना वाढायला बायोटिन लागते आणि ॲव्हिडिन ते त्यांच्या हाती लागू देत नाही. पिल्लासाठी लागणारे बायोटिन बलकात वेगळे साठवलेले असते.

ही गोष्ट उलगडली तीही उलट्या दिशेने, म्हणजे आधी रोग दिसला आणि जीवनसत्त्व नंतर सापडले. १९२७ मध्ये मार्गारेट बोआस यांनी लंडनमध्ये उंदरांना प्रथिनाचा एकमेव स्रोत म्हणून वाळवलेले कच्चे पांढरे खाऊ घातले, तेव्हा उंदरांची कातडी सोलवटली आणि केस गळाले. यीस्ट किंवा यकृत खाऊ घातले की हे उंदीर सुधारत, म्हणून त्यांत काहीतरी संरक्षक द्रव्य असावे असा निष्कर्ष निघाला. पॉल ग्यॉर्गी यांनी त्याला जर्मन भाषेतल्या त्वचेच्या शब्दावरून ‘जीवनसत्त्व एच’ म्हटले. १९३६ मध्ये क्यॉग्ल आणि ट्योनिस यांनी सुमारे अडीचशे किलो वाळवलेल्या बलकातून मिलिग्रॅमभर शुद्ध द्रव्य वेगळे काढले आणि त्याला बायोटिन हे नाव दिले. पांढऱ्यातला तो ‘विषारी’ घटक मात्र १९४० च्या सुमारास टेक्सास विद्यापीठातल्या ईकिन, स्नेल आणि विल्यम्स यांनी ओळखला. बायोटिनसाठी हावरट, या अर्थाने त्याचे ॲव्हिडिन असे बारसे झाले. एकाच अंड्याच्या पिवळ्या भागात औषध आणि पांढऱ्या भागात ते अडवणारा पहारेकरी निघाला, हे मला विद्यार्थिदशेत वाचताना जितके नवल वाटले होते तितकेच आजही वाटते.

आता भाच्याच्या शेकरचा हिशेब करू, कारण वाद मिटवायचा तर इथूनच सुरुवात करावी लागते. मोठ्या अंड्याच्या पांढऱ्यात साधारण ३.६ ग्रॅम प्रथिन असते आणि त्याच्या ०.०५ टक्के म्हणजे सुमारे १.८ मिलिग्रॅम ॲव्हिडिन. एक मिलिग्रॅम शुद्ध ॲव्हिडिन जवळपास १४ मायक्रोग्रॅम बायोटिन बांधते, तेव्हा एका पांढऱ्याची बांधण्याची क्षमता झाली सुमारे २५ मायक्रोग्रॅम. प्रौढ माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरेसे आहे असे अमेरिकेतले पोषणतज्ज्ञ धरतात. म्हणजे एकटा पांढरा जवळजवळ दिवसभराच्या गरजेइतके बायोटिन अडवू शकतो आणि सहा पांढऱ्यांची क्षमता दीडशे मायक्रोग्रॅमच्या घरात जाते. पूर्ण अंडे कच्चे घेतले तर बलकातले बायोटिन ही तूट भरून काढते, असे पुष्कळदा ऐकू येते, पण आकडे तसे सांगत नाहीत. एका अंड्यात मिळून सुमारे १० मायक्रोग्रॅम बायोटिन असते आणि पांढरा त्याच्या दुपटीहून अधिक बांधू शकतो. बलक सोबत असल्याने तोटा कमी होतो, एवढेच म्हणता येते.

एवढा हिशेब वाचून कोणी घाबरला तर त्याची चूक नाही, पण हा हिशेब म्हणजे क्षमतेचा हिशेब आहे, घडणाऱ्या गोष्टीचा नाही. ॲव्हिडिनला बायोटिन बांधता येईल ते त्याच्या वाटेत येणारेच. सकाळी साडेसहाला शेकरमधून गेलेले ॲव्हिडिन त्याच शेकरमधले दूध, केळे आणि पीनट बटर यांतले बायोटिन बहुतांशी गिळून टाकेल यात शंका नाही. (शेंगदाणे हा बायोटिनचा चांगला स्रोत आहे, म्हणजे नेमके तेच वाया जाते.) पण दुपारी उकड्या तांदळाच्या भातासोबत बांगड्याची आमटी पोटात जाईपर्यंत सकाळचे ॲव्हिडिन लहान आतड्यातून बरेच पुढे निघून गेलेले असते. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणातले बायोटिन त्याच्या तावडीत फारसे सापडत नाही. शिवाय शरीर आपले बायोटिन काटकसरीने वापरते. जुन्या प्रथिनांत अडकलेले बायोटिन सोडवून पुन्हा कामाला लावणारे बायोटिनिडेज नावाचे विकर आपल्याकडे असते, त्यामुळे साठा एका रात्रीत संपत नाही. म्हणूनच दिवसातून एकदा, एका जेवणाबरोबर, एक-दोन कच्चे पांढरे घेणारा आणि बाकी दिवस नीट जेवणारा धडधाकट माणूस बायोटिनच्या अभावाने आजारी पडेल, असे मानायला मला आधार दिसत नाही. ‘एका कच्च्या अंड्याने टक्कल पडते’ असे सांगणारे लोक या ठिकाणी चुकतात.

माणसांवरचा पुरावा याच्याशी जुळतो. १९४२ मध्ये अमेरिकेत सिडनस्ट्रिकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार स्वयंसेवकांना बायोटिन कमी असलेल्या आहारासोबत रोज २०० ग्रॅम वाळवलेले पांढरे दिले. एका पांढऱ्यात पाणी सोडले तर जेमतेम चार ग्रॅम ऐवज उरतो, म्हणजे ही मात्रा दिवसाला पन्नासएक अंड्यांची झाली, आणि ती दिवसातल्या सगळ्या जेवणांत वाटलेली. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून त्यांच्या त्वचेवर बारीक कोंडा सुटू लागला, पुढे अंग दुखू लागले, चेहरे पांढुरके पडले, भूक गेली आणि मन उदास झाले. बायोटिनची इंजेक्शने सुरू केल्यावर काही दिवसांतच ते सुधारले. १९६८ मध्ये नोंदवलेली दुसरी हकिगत आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळची आहे. यकृताच्या सिऱ्होसिसने आजारी असलेली एक बाई रोज सहा कच्ची अंडी दुधाबरोबर घेत होती आणि दीड वर्षानंतर तिच्यात बायोटिनच्या अभावाची लक्षणे उघड दिसू लागली. सहा हा आकडा भाच्याच्याच शेकरमधला आहे. पण त्या बाईचे यकृत बिघडलेले होते, तिचा बाकी आहार तुटपुंजा होता आणि काळ दीड वर्षाचा होता, हे विसरून चालत नाही.

या दोन टोकांच्या मधला टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तो अमेरिकेतल्या डोनाल्ड मॉक यांच्या गटाने दाखवून दिला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात निरोगी प्रौढांना वीस दिवस कच्च्या पांढऱ्याचा आहार दिला, तेव्हा कोणाचा केस गळला नाही की कोणाच्या त्वचेवर डाग आला नाही, पण लघवीत ३-हायड्रॉक्सीआयसोव्हॅलेरिक आम्ल वाढले. हे आम्ल वाढण्याचे कारण असे की ल्युसीन या अमिनो आम्लाची विल्हेवाट लावणारे एक विकर बायोटिनशिवाय काम करू शकत नाही. ते मंदावले की अर्धवट तुटलेला माल या आम्लाच्या रूपाने बाहेर पडतो. म्हणजे बाहेरून काहीही दिसत नसताना आतली यंत्रणा अडखळू लागलेली असते. व्हे पावडरमध्ये ल्युसीन भरपूर असते, तेव्हा व्हे आणि कच्चे पांढरे एकत्र घेणारा माणूस ज्या विकरावर कामाचा बोजा वाढवतो त्याच विकराची रसद तोडतो, असे मला वाटते. ‘आम्ही वर्षभर पितो, आम्हाला काही झालं नाही’ हा ट्रेनर मंडळींचा युक्तिवाद म्हणून अपुरा आहे. काही दिसले नाही आणि काही झाले नाही, ही दोन वेगळी विधाने आहेत. बायोटिनचा अभाव आहे का, हे रक्तातल्या बायोटिनच्या मोजमापावरून नीट कळत नाही आणि लघवीतली ती चाचणी कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजीत होत नाही. त्यामुळे साध्या माणसाला हे कळायला सोपा मार्ग नसतो, आणि म्हणूनच विकणाऱ्यावर सांगण्याची जबाबदारी अधिक येते.

भाच्याचे पुढे काय झाले ते सांगतो, कारण खरा घोटाळा तिथे आहे. केस गळायला लागल्यावर जिममधल्या एका जाणकाराने त्याला १० मिलिग्रॅम बायोटिनच्या गोळ्या सुचवल्या होत्या आणि तो त्या तीन महिने घेत होता. १० मिलिग्रॅम म्हणजे दहा हजार मायक्रोग्रॅम. सहा पांढऱ्यांच्या दीडशे मायक्रोग्रॅमच्या क्षमतेपुढे ही मात्रा इतकी प्रचंड आहे की गोळी सुरू झाल्यावर त्याला बायोटिनचा अभाव असणे जवळपास अशक्य होते, आणि तरीही केस गळतच होते. मी त्याला वजनाबद्दल विचारले तेव्हा कळले की त्याने चार महिन्यांत नऊ किलो वजन उतरवले होते. झपाट्याने वजन उतरल्यावर दोन-तीन महिन्यांनी भरभर केस जाणे ही त्वचारोगतज्ज्ञांच्या रोजच्या पाहण्यातली गोष्ट आहे. बायोटिनच्या अभावात केस गळतात हे खरे, पण त्यासोबत डोळे, नाक आणि तोंड यांभोवती लालसर, खवलेदार पुरळ येते, थकवा आणि उदासी येते, कधी हातापायांना मुंग्या येतात. भाच्याच्या चेहऱ्यावर पुरळाची खूण नव्हती. त्याचे केस पांढऱ्यांनी गेले असे मी म्हणू शकत नाही आणि म्हणणारही नाही.

दरम्यान थकवा वाटतो म्हणून त्याने थायरॉइडची तपासणी केली होती आणि अहवालात टीएसएच फार कमी, तर टी-फोर जास्त आले होते, म्हणजे थायरॉइड अतिक्रियाशील असल्याचे चित्र. त्याच्या छातीत धडधड नव्हती, हात थरथरत नव्हते, नाडी सत्तरच्या आसपास. त्याच्या डॉक्टरांनी सुदैवाने विचारले, ‘‘कसल्या गोळ्या घेतोस?’’ गोळी आठवडाभर बंद करून पुन्हा रक्त दिले तेव्हा सगळे आकडे जागेवर होते. कारण असे की थायरॉइडच्या अनेक चाचण्यांत प्रयोगशाळा ॲव्हिडिनच्याच एका जिवाणूजन्य भावंडाचा, स्ट्रेप्टॲव्हिडिनचा, उपयोग करतात. बायोटिन पकडण्याची तीच अचाट ताकद तिथे रेणू धरून ठेवायला वापरली जाते. रक्तात गोळीचे बायोटिन तुडुंब असले की ते स्ट्रेप्टॲव्हिडिनच्या खाचा आधीच अडवून बसते आणि चाचणी खोटे बोलू लागते. याच कारणाने हृदयविकाराच्या झटक्यात बघितले जाणारे ट्रोपोनिन खोटेच कमी दिसू शकते. २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याबाबत जाहीर इशारा दिला, त्यात अशा चुकीच्या अहवालानंतर एका रुग्णाचा मृत्यू झाल्याची नोंद होती. सकाळी कच्चे पांढरे पिऊन बायोटिन अडवायचे, मग ते भरून काढायला गरजेच्या तीनशेपट गोळी घ्यायची आणि त्या गोळीने रक्ताचे अहवाल बिघडवून घ्यायचे, ही साखळी मी डोळ्यांनी पाहिली आहे. तिचा पहिला दुवा तोडायला फक्त एक पातेले आणि पाणी लागते.

शिजवल्याने नेमके काय बदलते, ते थोडे खोलात पाहायला हवे, कारण इथेच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. ॲव्हिडिनचे चार भाग एकमेकांत गुंफलेले असतात आणि ही घडी मोडली की बायोटिनची खाचही मोडते. मग ते इतर कुठल्याही प्रथिनासारखे पचते. पण ही घडी मोडायला सुमारे ८५ अंश सेल्सिअस तापमान लागते. अंड्याचा पांढरा मात्र ६२-६५ अंशांच्या आसपासच गोठू लागतो. म्हणजे पांढरा दिसायला घट्ट आणि शुभ्र झाला तरी त्यातले ॲव्हिडिन शाबूत असू शकते. डोळ्यांवर विसंबता येत नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तळलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात ॲव्हिडिनची साधारण एक तृतीयांश क्रिया उरलेली आढळली, दोन मिनिटे उकडलेल्यात सुमारे चाळीस टक्के आणि पाण्यात फोडून अलगद शिजवलेल्या पोच्ड अंड्यात त्याहूनही बरीच जास्त. म्हणून ‘थोडे गरम केले’ या शब्दांवर मी समाधान मानत नाही. पाणी खळखळून उकळू लागल्यावर अंडे दहा-बारा मिनिटे त्यात राहिले की पांढऱ्याचा प्रत्येक भाग त्या ८५ अंशांच्या वर पुरेसा वेळ राहतो. पातळ पसरून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेले ऑम्लेटही चालते. संध्याकाळी गाड्यावर मिळणारे रोस ऑम्लेट त्या दृष्टीने चांगले, कारण त्यात भाजलेल्या ऑम्लेटवर आणखी उकळता रस पडतो.

ज्यांनी ॲव्हिडिन जात नाही त्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत, कारण लोक त्यांवर भरवसा ठेवून असतात. मिक्सरमध्ये घुसळल्याने, लिंबू पिळल्याने किंवा फ्रीजमध्ये गोठवल्याने काम होत नाही. कोमट दुधात घालण्यानेही होत नाही, कारण पिता येईल इतके गरम दूध ८५ अंशांच्या जवळपासही नसते. वाळवून पावडर केल्याने ॲव्हिडिन जाते असे तर अजिबात नाही. बोआस यांच्या उंदरांनी आणि सिडनस्ट्रिकर यांच्या स्वयंसेवकांनी खाल्ले ते वाळवलेलेच पांढरे होते. ‘एग अल्ब्युमिन’ म्हणून डब्यात मिळणारी पावडर थेट पाण्यात कालवून पिणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

आमच्या लहानपणी शेजारच्या ख्रिस्ती घरात आजारातून उठलेल्या माणसाला बलक साखरेत फेटून देत. ते कच्चे असे, साल्मोनेलाचा धोका त्यात होताच, पण त्यात पांढरा नसे आणि म्हणून ॲव्हिडिनही नसे. बलक फेकून पांढरा पिण्याची आजची पद्धत नेमकी उलटी आहे. चरबी टाळण्याच्या नादात तिने अंड्यातले बायोटिन टाकून दिले आणि बायोटिन अडवणारा घटक ठेवून घेतला.

जिममध्ये जाणाऱ्या मुलांना बायोटिनपेक्षा प्रथिनाची काळजी जास्त असते, आणि त्यांच्या त्या मापानेही कच्चे पांढरे हा खोटा सौदा आहे. १९९८ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी लहान आतड्याचे टोक पोटावर उघडलेल्या पाच व्यक्तींवर मोजमाप केले, तेव्हा शिजवलेल्या अंड्याचे प्रथिन सुमारे ९१ टक्के पचलेले आढळले, कच्च्याचे मात्र ५१ टक्केच. कच्च्या पांढऱ्यात ट्रिप्सिन या पाचक विकराला रोखणारे प्रथिनही असते आणि कच्च्या प्रथिनाच्या घड्या विकरांना सहज उलगडत नाहीत. हे प्रमाण भाच्याच्या सहा पांढऱ्यांना लावले तर त्यांतल्या २१-२२ ग्रॅम प्रथिनापैकी कच्चे घेतल्यास ११ ग्रॅम हाती लागते आणि उकडल्यास २० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे रोज जवळजवळ तीन अंड्यांचे पैसे गटारात. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. अगदी अलीकडे नेदरलँड्समध्ये झालेल्या एका प्रयोगात व्यायामानंतर पाच कच्ची अंडी आणि पाच उकडलेली अंडी यांनी स्नायू बांधण्याचा वेग सारखाच वाढवला, जरी उकडलेल्यांनी रक्तात अमिनो आम्ले अधिक चढली. तेव्हा कच्च्याने स्नायू बनतच नाहीत असे मी म्हणणार नाही. पण कच्च्याने अधिक फायदा होतो, ते ‘लवकर अंगाला लागते’, हे जे काउंटरवर सांगितले जाते, त्याला कोणत्याही प्रयोगाचा आधार नाही.

आता खोक्यांकडे येतो. पाश्चरीकृत द्रव पांढरे हल्ली पणजीच्या मोठ्या दुकानांत आणि घरपोच सेवांवर सहज मिळतात. पाश्चरीकरणाचा हेतू साल्मोनेला मारणे हा आहे आणि तो साध्य होतो. घाटापलीकडून ट्रकने येऊन दुकानाबाहेरच्या उष्म्यात राहिलेल्या अंड्यांपेक्षा त्या बाबतीत खोके निश्चितच सुरक्षित. पण पांढरा गोठू नये म्हणून हे पाश्चरीकरण ५६-५७ अंशांच्या आसपास काही मिनिटेच करतात. ८५ अंशांना मोडणाऱ्या ॲव्हिडिनला त्याचा धक्काही लागत नाही. ग्राहक मात्र तो शब्द वाचून समजतो की माल शिजल्यासारखाच आहे. दूध पाश्चरीकृत असले की ते तसेच पिता येते, हा रोजचा अनुभव त्याच्या पाठीशी असतो. अशा खोक्यातून दिवसाला अर्धा लिटर ओतून पिणारी मुलेही मला भेटली आहेत. अर्धा लिटर म्हणजे पंधरा पांढरे, दोन-तीन वेळा वाटून, दिवसभर. सकाळच्या एका शेकरला जो दिलासा मी वर दिला तो इथे लागू पडत नाही, कारण ॲव्हिडिन आता प्रत्येक जेवणाच्या सोबतीला असते आणि परिस्थिती मॉक यांच्या प्रयोगाच्या जवळ सरकते. गरोदर बाईने तर हा मार्ग मुळीच धरू नये. गरोदरपणात बायोटिनचा साठा मुळातच लवकर खालावतो, असे मॉक यांच्याच कामातून दिसले आहे. अपस्माराची काही जुनी औषधे बायोटिन कमी करतात, तेव्हा ती घेणाऱ्यांनीही जपावे.

माझी मागणी बंदीची नाही. कोणी मला म्हणेल की असे लेबल लावले तर लोक अंड्यालाच भितील आणि गरिबाचे स्वस्त प्रथिन बदनाम होईल. ही शंका रास्त आहे, पण ती दूर करण्याचा उपाय सूचना दडपणे हा नाही, सूचना अचूक लिहिणे हा आहे. उकडलेल्या अंड्याला कसलीही सूचना नको, उलट त्यातून बायोटिनच मिळते. सूचना हवी ती न शिजवलेल्या पांढऱ्याला, द्रव आणि पावडर दोन्हींना. ती देशभरासाठी ठरवण्याचे काम अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे आहे. पण तोवर गोव्यातल्या जिमच्या काउंटरवर फलक लावून घेणे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला अवघड जाऊ नये, कारण अशी ठिकाणे आपल्याकडे मोजता येण्याजोगी आहेत. काउंटर चालवणाऱ्याला खर्च काय, तर एक मोठे पातेले, गॅस आणि सकाळी वीस मिनिटे. उकडलेले पांढरे दूध आणि केळ्यासह मिक्सरमधून काढले तर शेक थोडा दाट होतो, चव बिघडत नाही. भाच्याने तो आमच्याच स्वयंपाकघरात करून पाहिला. पहिल्या दिवशी गुठळ्या राहिल्या, दुसऱ्या दिवशी पांढरे गरम असतानाच फिरवले तेव्हा त्या गेल्या.

फलकावर आणि खोक्यावर मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत एवढेच असावे: ‘या पांढऱ्यातले जंतू मारले आहेत, पण तो शिजवलेला नाही. त्यातले ॲव्हिडिन बायोटिन हे जीवनसत्त्व अडवते. पूर्ण शिजवून खावा.’